फळ, हेतू आणि अधिकार : गीतेतील एक श्लोक आणि काळाराम मंदिराचे दार

१/ भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? परीक्षेच्या निकालापासून थकलेल्या पगारापर्यंत कोठेही तो ऐकवला जातो, आणि त्याचा सर्वपरिचित अर्थ असा : आपण काम करीत राहावे, फळाची अपेक्षा धरू नये. हा अर्थ अपुरा आहे. तो अपुरा का, हे समजण्यासाठी आधी त्या श्लोकातील एक शब्द पाहावा लागेल आणि मग नाशिकच्या पंचवटीत १९३० साली जे घडले त्याकडे वळावे लागेल.

२/ तो शब्द म्हणजे ‘अधिकार’. आज हा शब्द उच्चारला की सत्ता किंवा हक्क डोळ्यांपुढे येतो. गीतेच्या काळी मात्र तो यज्ञशास्त्राच्या परिभाषेत रुळलेला होता. अमुक यज्ञ करण्यास पात्र कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अधिकार. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय सगळा याच प्रश्नाला वाहिलेला आहे.

३/ मीमांसकांचे उत्तर मोठे तर्कशुद्ध होते. ज्याला यज्ञाचे फळ हवे आहे, तोच यज्ञाचा अधिकारी. स्वर्गाची इच्छा असलेल्याने स्वर्ग देणारा यज्ञ करावा. म्हणजे अधिकार फळाच्या इच्छेतून जन्मतो आणि फळाचे स्वामित्व कर्त्याकडे जाते. फळ नको असेल, तर काम्य यज्ञ करण्याचे कारणच उरत नाही.

४/ आता गीतेतील श्लोक या पार्श्वभूमीवर वाचावा. तेथे अर्जुनाला सांगितले आहे की त्याचा अधिकार कर्माच्या ठायी आहे, फळांच्या ठायी कधीही नाही. मीमांसेने जी गाठ घट्ट बांधली होती, ती येथे सोडलेली आहे. कर्म करण्याची पात्रता फळ हवे असण्यावर अवलंबून नाही, हे त्या काळच्या श्रोत्याला चकित करणारे विधान होते. या श्लोकाच्या अगोदरच, बेचाळीस ते चव्वेचाळीस या श्लोकांत, स्वर्गाच्या लोभाने यज्ञकर्मात गुंतलेल्यांवर टीका आहे, ती उगाच नव्हे.

५/ श्लोकाचे चार चरण आहेत आणि लोकांच्या तोंडी बहुधा पहिले दोनच असतात. तिसरा चरण सांगतो की फळ हा ज्याचा हेतू आहे, असा तू होऊ नकोस. चौथा सांगतो की कर्म न करण्याचीही आसक्ती तुला नसावी. हा चौथा चरण गाळला की श्लोक निवृत्तीकडे झुकतो. फळ मिळायचे नसेल तर धडपड कशाला, असा सूर त्यातून निघू लागतो.

६/ लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री मानले. त्यांची मांडणी अशी की प्रत्येक चरण आधीच्या चरणातून उद्भवणाऱ्या शंकेला उत्तर देतो. कर्मावर अधिकार असेल तर फळावरही असलाच पाहिजे, असे कोणी म्हणेल; म्हणून दुसरा. फळावर अधिकार नसेल तर कर्मच सोडावे, असे कोणी म्हणेल, म्हणून शेवटचा.

७/ शंकराचार्यांचे वाचन निराळे. कर्मावर‘च’ अधिकार यातील ‘च’ने ते ज्ञाननिष्ठा वगळतात : अर्जुन अद्याप ज्ञानमार्गाला पात्र नाही, म्हणून त्याला कर्म सांगितले. टिळकांच्या मते हाच ‘च’ फळ वगळतो. एका अव्ययावर दोन परंपरांचा भेद उभा आहे. श्लोकात फळाचा उल्लेख लगेच पुढे येत असल्याने टिळकांचे वाचन वाक्यरचनेला अधिक जवळचे वाटते. पण अर्जुनाला उद्देशून आलेल्या ‘तुझा’ या शब्दावर शंकराचार्यांनी दिलेला भर विसरण्याजोगा नाही. हा उपदेश एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट क्षणी केलेला आहे.

८/ तो क्षण कोणता? युद्धाचा निकाल काय लागेल आणि कोणता निकाल बरा, हेच कळेनासे झाल्याने अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले आहे. निकालाच्या विचाराने त्याचा हात थिजला आहे. त्याच्या श्रमाचा मोबदला कोणी मागे ठेवलेला नाही. म्हणून हा श्लोक मजुरी मागणाऱ्याला ऐकवणे म्हणजे एका आजाराचे औषध दुसऱ्याच रोग्याला पाजणे होय. श्लोक कर्त्याने स्वतःशी म्हणावयाचा आहे. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला ऐकवावयाचा नाही.

९/ मग गीता परिणामांचा विचारच करू नका म्हणते काय? मुळीच नाही. याच अध्यायातील सदतिसाव्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला दोन्ही निकाल मोजून दाखवतो : पडलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. अठराव्या अध्यायातील पंचविसावा श्लोक तर आणखी स्पष्ट आहे. परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला तेथे तामस म्हटले आहे. परिणाम न पाहणे हा गीतेच्या दृष्टीने दोषच आहे.

१०/ म्हणजे फळ पाहणे वेगळे आणि फळ हा हेतू असणे वेगळे. लगेच पुढे, एकोणपन्नासाव्या श्लोकात, ‘फलहेतु’ हाच शब्द माणसांना लावला आहे आणि अशी माणसे दीन म्हटली आहेत. यावरून सत्तेचाळिसाव्या श्लोकातील समासाचाही उलगडा होतो : फळ हाच ज्याच्या कर्माचा आधार आहे, तो फलहेतु. फळ हातचे गेले की त्याचे कर्म थांबते. हा भेद पुस्तकात सोपा वाटतो. प्रत्यक्षात ओळखणे कठीण. तो कसा दिसतो, हे नाशिकमध्ये पाहता येते.

११/ २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक शिस्तीने काळाराम मंदिराकडे गेली. दारे बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चार दारांवर सत्याग्रह सुरू झाला; पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. स्थानिक संघटनेचा भार भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिला. प्रश्न शब्दशः अधिकाराचा होता : रामाच्या दर्शनास पात्र कोण?

१२/ हा प्रश्न जुनाच. मीमांसासूत्रांच्या ज्या सहाव्या अध्यायात अधिकाराची चर्चा आहे, तेथेच शूद्रांना वैदिक यज्ञाचा अधिकार नाकारला आहे. फळाची इच्छा आणि सामर्थ्य असूनही जन्मावरून पात्रता काढून घेता येते, ही ती व्यवस्था. पंचवटीतील बंद दार हे त्या व्यवस्थेचेच लाकडी रूप होते.

१३/ त्या वर्षीच्या रामनवमीला रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली. ती पाळली गेली नाही. रथ पुढे पळवण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्यानंतरही सत्याग्रह वर्षानुवर्षे चालू राहिला. दार उघडले नाही. प्रवेश हे एकमेव फळ मानले, तर ही चळवळ अपयशी म्हणावी लागेल.

१४/ परंतु ३ मार्च १९३४ रोजी आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात हिशेब निराळा आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा दर्शनाने ते समान होतील, म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, असे त्यांनी कळवले. दलित समाजात चेतना आणावी आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, हा हेतू होता. तो साधला असल्याने आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्यांचा निर्णय होता.

१५/ येथे फळ आणि हेतू यांतील अंतर उघड दिसते. मंदिरप्रवेश हे दृश्य फळ होते. ते न मिळाल्याने कर्म थांबले नाही. आणि पुढे कर्माची दिशा बदलली ती परिणाम नीट मोजून. श्लोकाच्या चौथ्या चरणाचीही कसोटी येथे लागते. मंदिरप्रवेशाचा लढा सोडला, पण अकर्म पत्करले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

१६/ याचा अर्थ काळारामचा सत्याग्रह गीतेच्या प्रेरणेने चालला, असा काढणे अन्यायाचे होईल. १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’त आंबेडकरांनी सत्याग्रहाच्या समर्थनार्थ गीतेचा आधार घेतला होता, हे खरे. पण पुढच्या काळात त्यांचे मत कठोर झाले. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात गीतेतील ‘कर्म’ म्हणजे मानवी कृती हा टिळकांचा अर्थ त्यांनी अमान्य केला. त्यांच्या मते ते कर्म म्हणजे जैमिनीचे कर्मकांडच. अनासक्तीची जोड देऊन गीतेने त्याच्यावरील स्वार्थाचा आक्षेप तेवढा दूर केला.

१७/ हा आक्षेप टाळून श्लोकाचा अर्थ सांगता येत नाही. ‘अधिकार’ हा शब्द यज्ञशास्त्रातून आला आहे, हे आंबेडकरांच्या बाजूचे बलवान प्रमाण आहे. तरीही श्लोकाच्या प्रसंगात समोर यज्ञकुंड नाही, रणांगण आहे. तेथे ‘कर्म’ हा शब्द कर्मकांडाच्या बाहेर पडला आहे, असे मानण्यास जागा उरते. मात्र त्या कर्माला स्वधर्म, म्हणजे अर्जुनाच्या बाबतीत क्षत्रियाचा धर्म, चिकटलेला आहे. फळापासून अधिकार सोडवणाऱ्या ग्रंथाने जन्मापासून तो तितक्या स्पष्टपणे सोडवला नाही. ही या श्लोकाची मर्यादा.

१८/ म्हणून यापुढे हा श्लोक कोठे ऐकू आला की तीन गोष्टी तपासाव्यात. चौथा चरण गाळला आहे काय? तो कर्ता स्वतःशी म्हणतो आहे, की दुसरा कोणी त्याला गप्प करण्यासाठी म्हणतो आहे? आणि ज्याला कर्माचा अधिकार सांगितला जात आहे, त्याच्यासाठी दार उघडे आहे काय? काळाराम मंदिरासमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीपुरुषांना फळाची आसक्ती सोडा, असे सांगणे सोपे होते. त्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा, श्लोकातील पहिल्या चरणाचा होता.