शीर्षक जुळलं नाही म्हणून चार क्रेडिट बुडाले

करोल बागेत बिडनपुऱ्याच्या गल्ल्यांमधून फिरलात तर सोनं गाळणाऱ्या दुकानांतून विटा-आटपाडीकडची मराठी कानावर पडते. गलाईच्या धंद्यात मालक झालेले लोक तिथे आहेत, तशीच त्यांच्याकडे भट्टीवर काम करणारी माणसंही आहेत. अशाच एका कामगाराची मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. वडिलांच्या आजारपणामुळे घर दिल्लीला हललं होतं आणि समाजशास्त्राची पदवी तीन सत्रांनंतर अर्धवट राहिली होती. "ताई, आता सगळं पहिल्यापासून करायचं का?" एवढाच तिचा प्रश्न होता.

कागदावर उत्तर सोपं आहे. २०२१ च्या यूजीसी विनियमांनी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. तिथे जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, एवढी अट. तिच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात, म्हणजे ६६ पर्यंत बाहेरून चालतात. एक पेपर राहिल्यामुळे तिचे ६२ झाले होते. हिशेब बसत होता.

पण बँक हा शब्द फसवा आहे. पैशाच्या बँकेत शंभराची नोट कुठेही शंभरच असते. इथे खात्यात विषयाचं नाव, क्रेडिट आणि श्रेणी दिसते. त्या नावाखाली काय शिकवलं, ते दिसत नाही. ते क्रेडिट आपल्या कोणत्या पेपरच्या जागी धरायचे, हे नवं विद्यापीठ ठरवतं. शिवाय विद्यार्थ्याला स्वतः काही जमा करता येत नाही. जुन्या संस्थेने पाठवलं तरच खात्यात पडतं. तिच्या तिसऱ्या सत्राचे क्रेडिट चढायलाच दोन महिने गेले.

नव्या विद्यापीठाने (नाव देत नाही) ६२ पैकी ४२ स्वीकारले. समाजशास्त्राचे तीन मुख्य पेपर, मराठीचे दोन छोटे पेपर, एक क्षेत्रप्रकल्प आणि एक सहअभ्यासक्रम मिळून २० क्रेडिट नाकारले. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शेरा होता: समकक्ष नाही. ४२ धरले तर तिला ९० क्रेडिट उरतात. सत्राला २२ प्रमाणे चार सत्रांहून जास्त. म्हणजे पुन्हा तिसऱ्या सत्रात, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बसायचं. एकदा केलेलं वर्ष पुन्हा केलं की शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं. ज्या घरात महिन्याचं भाडं भट्टीच्या मजुरीतून निघतं, तिथे सहा महिने ही काही बारीक गोष्ट नसते.

आम्ही त्या शेऱ्याच्या मागे काय आहे ते शोधलं. मागे फारसं काही नव्हतं. कुणीतरी दोन याद्या शेजारी ठेवून शीर्षकं जुळवली होती. तिचा पेपर महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींवर होता. 'महाराष्ट्र' हा शब्द दिसला आणि तो प्रादेशिक ठरला. समकक्षता खरं तर चार गोष्टींवरून बघायची असते: पेपर कोणत्या पातळीचा आहे, किती तासांचा आहे, त्यात काय शिकवलं आणि परीक्षा कशी घेतली. पातळी दोन्हीकडे दुसऱ्या वर्षाचीच होती. एका क्रेडिटला वर्गातले १५ तास, म्हणून चार क्रेडिटचे ६० तास, तेही सारखेच. मग वाद उरला फक्त आशयाचा.

त्यासाठी आम्ही घटकवार तक्ता केला. तिच्याकडे चार घटक: चळवळीची संकल्पना, सत्यशोधक चळवळ, आंबेडकरी चळवळ, शेतकरी व स्त्रियांच्या चळवळी. दिल्लीकडे सामाजिक चळवळींच्या पेपरचेही चार: सिद्धांत, जातविरोधी चळवळी, शेतकरी व कामगार, स्त्री व पर्यावरण. पहिला पहिल्याशी जुळला. तिचे दुसरा आणि तिसरा मिळून त्यांचा दुसरा घटक होतो, तोही जास्त खोलात. तिचा चौथा त्यांच्या तिसऱ्याला आणि चौथ्याच्या अर्ध्याला पुरतो. राहिलं पर्यावरण, म्हणजे साठांपैकी सात-आठ तास. महाड आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह दिल्लीच्या वाचनयादीत 'भारत' असतो आणि मराठी कॉलेजच्या अभ्यासक्रमात 'प्रदेश' होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तक्त्यापेक्षा पुरावा महत्त्वाचा ठरला. विद्यापीठाच्या वेबसाइटवर आता नवा अभ्यासक्रम आहे, तो उपयोगाचा नाही. ती शिकली त्या वर्षाचा, सही-शिक्क्याचा लागतो. तो जुन्या विभागातून मागवला. मराठीत होता, म्हणून इंग्रजी भाषांतर करून प्राचार्यांकडून साक्षांकित करून घेतलं. त्यासोबत वाचनयादी, प्रश्नपत्रिका आणि अंतर्गत गुणांचं प्रमाण जोडलं. वाचनयादीने बरंच काम केलं. 'कास्ट्स इन इंडिया' दोन्ही याद्यांत निघालं. बाबासाहेबांनी हा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझरांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला होता. म्हणजे तोही मुळात वर्गातल्या कामाचाच भाग. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपून लंडन सोडावं लागलं, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करायची मुभा त्यांना दिली होती. १९२० मध्ये ते परतले.

क्षेत्रप्रकल्पासाठी शिक्षकांच्या सहीचा अहवाल आणि भेटींची नोंदवही जोडली. प्रकल्पाचे तास वर्गातल्या तासांच्या दुप्पट मोजतात, एका क्रेडिटला ३०, त्यामुळे नोंदवही नसेल तर तास सिद्धच होत नाहीत. मराठीचे पेपर दिल्लीच्या कशाशीच जुळणार नव्हते. तिथे समकक्षतेचा हट्ट सोडून ते खुल्या ऐच्छिक क्रेडिटमध्ये धरा, असा अर्ज केला. हा मार्ग असतो, पण खिडकीवर कोणी सांगत नाही.

दुसऱ्या फेरीत १४ क्रेडिट वाढले: दोन मुख्य पेपर, मराठीचे चार, प्रकल्पाचे दोन. तिसरा मुख्य पेपर मात्र नाकारला आणि तो नकार मला मान्य आहे. त्यातला निम्मा भाग तिच्याच आधी धरलेल्या दुसऱ्या पेपरमध्ये येऊन गेला होता. एकच अभ्यास दोनदा मोजायचा नसतो. सहअभ्यासक्रमाचे दोन क्रेडिटही सुटले, त्याचा काही पुरावाच नव्हता.

माझी तक्रार नाकारण्याबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. 'समकक्ष नाही' या शेऱ्याविरुद्ध अपील कसं करणार? कोणता घटक कमी पडला, किती तास कमी पडले, हे प्रत्येक पेपरसमोर लिहिणं समितीवर बंधनकारक हवं. अभ्यासक्रम मिळवायचं कामही दोन विद्यापीठांनी आपसांत करावं. ज्याच्या घरात आधी कोणी प्राध्यापक नाही, इंग्रजीत अर्ज लिहून देणारं कोणी नाही, तो पहिल्या शेऱ्यावरच परत फिरतो आणि आकडेवारीत त्याची नोंद गळती म्हणून होते. समितीने प्रश्नही बदलायला हवा. हा पेपर आमच्यासारखा आहे का, यापेक्षा तो शिकून आलेली मुलगी पुढचा पेपर झेपवू शकेल का, हे बघा. सात-आठ तासांचं पर्यावरण तिने सुट्टीत वाचून काढलं.

५६ क्रेडिट धरून ती आता चौथ्या सत्रात आहे. १३२ ला पोचायला ७६ लागतात, तीन सत्रांचे ६६ आणि वर १० जादा. ते दहा ती दर सत्रात एखादा पेपर जास्त घेऊन भरते आहे. संध्याकाळी दुकानाच्या हिशेबाच्या वहीशेजारी तिची वही उघडी असते.