प्रश्नातच दडवलेले उत्तर

“दहा वर्षांसाठी दिलेले आरक्षण आणखी किती वर्षे चालू ठेवायचे?” टीव्हीवरच्या चर्चेत हा प्रश्न आला की आपला माणूस लगेच उत्तर द्यायला लागतो: “जात संपेपर्यंत!” टाळ्या पडतात, पण डाव समोरच्याने जिंकलेला असतो. कारण “आरक्षण दहा वर्षांसाठीच होते” हे असत्य आपण न बोलता मान्य केलेले असते.

वस्तुस्थिती काय आहे? दहा वर्षांची मुदत होती ती संविधानाच्या कलम 334 मध्ये, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांना. ती संसदेने वेळोवेळी वाढवली. 104 व्या घटनादुरुस्तीने ती 2030 पर्यंत गेली. नोकऱ्यांतील आरक्षणाचे कलम 16(4) आणि शिक्षणातील आरक्षणाचा आधार असलेले कलम 15(4) यांत कुठलीही मुदत नाही. प्रश्नकर्ता एका कलमाची मुदत दुसऱ्याला चिकटवतो, आणि तीही प्रश्नाच्या आत लपवून.

असा प्रश्न ओळखायचा कसा? त्याला आधी “हो” आणि मग “नाही” असे उत्तर देऊन पाहा. सर्वेक्षणात विचारतात, “जातीऐवजी गुणवत्तेवर प्रवेश द्यावा का?” “हो” म्हणा किंवा “नाही” म्हणा, राखीव जागेवर गुणवत्ता पाहिली जात नाही हे दोन्ही उत्तरांत शिल्लक राहते. खरे तर राखीव जागांसाठीही पात्रतेची अट असते आणि त्या प्रवर्गातली गुणवत्ता यादी लागते. दोन्ही उत्तरांनंतर जे शिल्लक राहते, तेच गृहीतक.

मग करायचे काय? चर्चेत आधी गृहीतक उघड्यावर आणा: “तुम्ही असे धरून चालला आहात की नोकरीतल्या आरक्षणाला मुदत होती. कोणत्या कलमात?” उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग सरळ प्रश्न स्वतः मांडा: “ज्या कारणासाठी आरक्षण दिले ते कारण संपले का, आणि ते मोजायचे कशाने?” यावर वाद घालायला आपली तयारी असलीच पाहिजे.

सर्वेक्षणात मात्र हे अवघड जाते. “सांगता येत नाही” वर खूण केली तर आपण गोंधळलेले म्हणून मोजले जातो. म्हणून “प्रश्नातले गृहीतक मान्य नाही” असे लिहायला जागा मागा. नसेल तर तो प्रश्न सोडा. आणि निकाल छापून आले की टक्केवारीच्या आधी मूळ प्रश्नाचे शब्द मागा.

गृहीतक प्रत्येक प्रश्नात थोडेफार असतेच. ते वादग्रस्त असूनही सिद्ध न करता सरकवले, की ती लबाडी होते. “तुम्ही मनुवाद कधी सोडणार?” हा आपला आवडता प्रश्नही त्याच जातीचा आहे. समोरचा मनुवादी आहे हे आधी त्याच्या वागण्यातून, लिखाणातून सिद्ध करा; मग खुशाल विचारा.