काळवंडलेली कणीक आणि आंबट वास

फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहिलेली मळलेली कणीक बाहेर काढली की गृहिणीला दोन खुणा आढळतात : रंग करडा झालेला असतो आणि वास आंबट येतो. या दोन खुणांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचा अर्थही वेगळा घ्यावा लागतो.

करडेपणा हवेमुळे येतो. गव्हाच्या कोंड्यात असे एक विकर असते की ते पाणी व हवा मिळताच कणकेला काळपटपणा आणते. कापलेले सफरचंद तपकिरी होते ते याच प्रकाराने. म्हणून कणीक प्रथम वरून काळवंडते. केवळ रंगावरून ती नासली असे ठरत नाही. आंबटपणा मात्र सजीवांचे काम आहे. पिठात मुळातच असलेले सूक्ष्म जीवाणू व किण्व ओलाव्यात वाढून आम्ल तयार करतात. थंडीने त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही.

समजा, रविवारी रात्री मळलेली कणीक लगेच तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. सोमवारी रात्री तिचा वरचा थर करडा दिसतो. परंतु गोळा मोडल्यावर आतून रंग फिकट पिवळसर, वास कच्च्या गव्हाचा आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येणारा असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने ती वापरता येते. गुरुवारी तोच गोळा आतपर्यंत करडा, आंबट, सैल व चिकट झाला असेल, मोडताना जाळी पडलेली दिसत असेल, तर तो टाकावा. बुरशीचा एकही ठिपका दिसला, तर तेवढाच भाग काढून उरलेली कणीक वापरू नये. ओट्यावर बराच वेळ उघडी राहिलेली कणीक नंतर फ्रिजमध्ये ठेवून सुधारत नाही. काही जीवाणूंचे विष पोळी भाजल्यानेही नष्ट होत नाही. सोडा घालून आंबटपणा फक्त झाकला जातो, तर ताज्या कणकेत शिळी मिसळल्यास तीही लवकर आंबते.

वर्ण, गंध, रस बदललेला पदार्थ चलितरस म्हणून अभक्ष्य मानणाऱ्या आणि भिजवलेली कणीक रात्रभर न ठेवणाऱ्या घरांत हा प्रश्न सोमवारपर्यंत पोहोचतच नाही. तेथे उरलेल्या कणकेचे त्याच दिवशी पातळ खाकरे लाटून मंद आचेवर, दाबून, कडक होईपर्यंत भाजतात. कणकेला बिघडवणारे पाणीच त्यातून निघून जाते. पूर्ण गार झाल्यावर ते कोरड्या डब्यात भरावेत. गरम भरल्यास वाफेने पुन्हा ओलावा धरतो.

मुळात मापून मळणे सोपे. मध्यम आकाराच्या एका पोळीला सुमारे 30 ग्रॅम कोरडे पीठ लागते. बारा पोळ्यांना 360 ग्रॅम पुरे.