‘मुसक्या आवळल्या’, ‘पोपटासारखा बोलू लागला’: बातमीतले हे शब्द काढले तर मागे काय उरतं?

आधी ही बातमी वाचा.

“शहरात घरफोड्या करून धुमाकूळ घालणाऱ्या सराईत चोरट्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने अखेर मुसक्या आवळल्या. गोपनीय माहितीवरून पथकाने बसस्थानक परिसरात सापळा रचून अमुक जमातीच्या २२ वर्षीय आरोपीला मोठ्या शिताफीने ताब्यात घेतले. सुरुवातीला त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली, मात्र पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला आणि त्याने तीन घरफोड्यांची कबुली दिली. त्याच्याकडून तब्बल १ लाख ८० हजार रुपयांचा मुद्देमाल हस्तगत करण्यात आला. या धडाकेबाज कारवाईमुळे नागरिकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आहे.”

ही बातमी खरी नाही, समजावून सांगण्यासाठी तयार केलेला नमुना आहे. पण यातला एकेक शब्द तुम्ही कुठल्या ना कुठल्या लोकल पेजवर वाचलेला असणार. वाचताना खटकलाही नसेल, कारण गुन्ह्याची बातमी अशीच लिहायची असते असं आपल्याला वाटायला लागलंय.

आता हीच बातमी तटस्थ करायची आहे. बरेच जण यासाठी विशेषणं खोडतात आणि काम झालं असं समजतात. पण खोडायला बसलं की दुसरीच गोष्ट लक्षात येते. ही विशेषणं नुसती भडक नाहीत, तर बातमीदाराने जी माहिती घेतलीच नाही तिची जागा ती भरून काढतात.

ही भाषा येते कुठून?

अशा बातम्यांचा मोठा भाग पोलिसांच्या प्रेस नोटवरून लिहिला जातो. नोट व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. तिच्यात ‘सदर इसमास विश्वासात घेऊन विचारपूस केली असता’ अशी वाक्यं असतात आणि शेवटी कारवाई कोणाच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्या पथकाने केली याची लांबलचक यादी असते. डेस्कवर बसलेल्याला वीस मिनिटांत बातमी लावायची असते. सरकारी मराठी सोपी करण्याच्या नादात ‘अटक केली’चं ‘मुसक्या आवळल्या’ होतं. मुसक्या खरं तर बैलाच्या तोंडाला बांधतात, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसतं.

प्रेस नोट वापरण्यात चूक नाही. चूक होते ती पोलिसांचं म्हणणं बातमीदाराचं म्हणणं म्हणून छापलं जातं तेव्हा. म्हणून पहिलं काम विशेषण शोधणं नाही. प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कोण म्हणतंय?’ असं लिहायचं आणि उत्तर शोधायचं.

एकेक वाक्य घेऊ

‘सराईत चोरटा’. या शब्दाचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. एक, त्याला आधी न्यायालयाने दोषी ठरवलंय. दोन, त्याच्यावर आधी गुन्हे दाखल आहेत, पण निकाल लागलेला नाही. तीन, पोलिसांना तो तसा वाटतो. ‘रेकॉर्डवरील गुन्हेगार’ हा शब्दही असाच फसवा आहे. पोलिसांच्या रेकॉर्डवर नाव असणं वेगळं आणि शिक्षा झालेली असणं वेगळं. म्हणून ‘सराईत’ नुसता खोडून भागत नाही. त्याच्यावर आधी किती गुन्हे आहेत आणि त्यातले किती सिद्ध झाले, हे विचारावं लागतं. उत्तर मिळालं तर आकडा लिहा. नाही मिळालं तर तो शब्द लिहिण्याचा आधारच नव्हता.

‘ताब्यात घेतले’. ताब्यात घेतलं की अटक केली? अटकेची तारीख-वेळ लिहिली की पुढचं घड्याळ सुरू होतं, कारण अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. ‘ताब्यात घेतले’ म्हटलं की वाचकाला ते घड्याळ दिसतच नाही. नमुन्यात वारही नाही आणि वेळही नाही. ‘मोठ्या शिताफीने’ मात्र आहे.

‘अमुक जमातीच्या’. हा शब्द विशेषणासारखा दिसत नाही, म्हणून तो हमखास सुटतो. घरफोडीशी जमातीचा संबंध काय? ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून आज ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो. कायदा गेला, पण बातमीतली ही सवय राहिली. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचे संकेतही सांगतात की एखाद्या जातीची बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा. चोरीच्या बातमीत एखाद्या बड्या जातीतल्या आरोपीची जात तुम्ही शेवटची कधी वाचली होती, आठवून बघा.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. ती बातमी नव्हती, अफवा होती. पण अनोळखी, भटका माणूस दिसला की ‘टोळी’ हा शब्द जिथे चटकन आठवतो, तिथे अफवेला फार मेहनत घ्यावी लागत नाही.

आता सगळ्यात गंभीर वाक्य. ‘पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला.’ यातला ‘खाक्या’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. म्हणजे बातमीदार कोठडीत मारहाण झाल्याचं सुचवतोय आणि तेही गंमत म्हणून. खरंच तसं घडलं असेल तर ती स्वतंत्र आणि मोठी बातमी आहे. घडलं नसेल तर हे वाक्य खोटं आहे. यातलं काय खरं, हे विचारल्याशिवाय ते ठेवता येत नाही.

उरतो ‘कबुली’ हा शब्द. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग विचारात घेता येतो. न्यायालय जी कबुली बाजूला ठेवतं, ती बातमीत मात्र निकालासारखी छापली जाते. तिथे ‘चौकशीत कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा आहे’ असं तरी लिहावं. माझ्या मते तेही टाळून थेट काय जप्त झालं यावर यावं.

‘तब्बल’, ‘अखेर’, ‘चक्क’ हे शब्द आकड्याला आणि घटनेला आपला सूर चिकटवतात. १ लाख ८० हजार जास्त की कमी, ते वाचक ठरवेल. आणि निःश्वास सोडणारे नागरिक कोण? एकाशी तरी बोललात का? (‘परिसरात एकच खळबळ उडाली’ हेही याच जातकुळीतलं. ती खळबळ कुणी पाहिलेली नसते.)

खोडल्यावर काय उरलं?

“स्थानिक गुन्हे शाखेने बसस्थानक परिसरातून २२ वर्षीय तरुणाला ताब्यात घेतले. तीन घरफोड्यांत त्याचा हात असल्याचा आणि त्याच्याकडून १ लाख ८० हजार रुपयांचा मुद्देमाल जप्त केल्याचा पोलिसांचा दावा आहे.”

बस, दोन वाक्यं. मघाशी भरगच्च वाटणारी बातमी मुळात एवढीच होती, तीही एकाच बाजूची. आता दोन-तीन फोन करावे लागतात. तपास अधिकाऱ्याला, ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना आणि जमलं तर आरोपीच्या वकिलाला. समजा ते केले आणि माहिती मिळाली, तर बातमी अशी होईल:

“तीन घरफोड्यांच्या संशयावरून स्थानिक गुन्हे शाखेने मंगळवारी रात्री बसस्थानक परिसरातून २२ वर्षीय तरुणाला अटक केली. त्याच्याकडून १ लाख ८० हजार रुपयांचे सोन्याचे दागिने जप्त केल्याचे तपास अधिकाऱ्यांनी सांगितले. दागिने चोरीचेच आहेत का, याची फिर्यादींकडून खात्री होणे बाकी आहे. या तरुणावर याआधी दोन गुन्हे दाखल असून त्यांचा निकाल लागलेला नाही. न्यायालयाने बुधवारी त्याला तीन दिवसांची पोलिस कोठडी सुनावली. आरोप चुकीचे असल्याचे त्याच्या वकिलांनी सांगितले.”

ही बातमी जवळपास नमुन्याएवढीच लांब आहे, फक्त विशेषणांच्या जागी माहिती आली. दागिन्यांची ओळख पटलेली नाही, ही या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या बातमीत कुठेच नव्हती.

क्रियापदातला भेदभाव

मराठीत एक गोष्ट इंग्रजीपेक्षा जास्त अवघड आहे. आपल्याकडे बाजू घेण्यासाठी विशेषणही लागत नाही. घरफोडीतला आरोपी ‘तो’ असतो, ‘त्याने सांगितले’. फसवणुकीच्या गुन्ह्यातले बिल्डर किंवा नेते मात्र ‘ते’ असतात, ‘त्यांनी आरोप फेटाळले’. दोघेही कायद्यापुढे आरोपीच. वर दुरुस्त केलेल्या बातमीतही तरुणाला ‘त्याला’ आहे आणि वकिलांसाठी मात्र ‘वकिलांनी’ असं आदरार्थी रूप आहे, बघा. यावर उपाय एकच, डेस्कने एक नियम ठरवावा आणि तो सगळ्या आरोपींना लावावा. मला स्वतःला सगळ्यांना ‘त्यांना’ म्हणणं योग्य वाटतं. सुरुवातीला कानाला विचित्र वाटेल. पण ते विचित्र का वाटतं, याचाही विचार करायला हवा.

बोलण्याच्या क्रियापदांचंही तेच. पोलिस ‘स्पष्ट करतात’, आरोपीचे नातेवाईक ‘कांगावा करतात’. दोघांसाठी ‘सांगितले’ पुरतं.

सगळंच सौम्य करायचं का?

नाही. खुनाच्या बातमीतून ‘निर्घृण’ काढा, पण अंगावर किती वार होते हा आकडा काढू नका. बलात्काराच्या गुन्ह्याला ‘अतिप्रसंग’ लिहिणं हा तटस्थपणा नाही, ती आरोपीला दिलेली सवलत आहे. विनयभंगाला ‘छेडछाड’ म्हणणंही तसंच. गुन्हा ज्या नावाने दाखल झालाय तेच नाव लिहायचं. आणि न्यायालयाने दोषी ठरवल्यावर ‘कथित’ चिकटवून ठेवायचं नाही, तिथे ‘दोषी’ हाच अचूक शब्द आहे.

शेवटी मथळा, कारण बहुतेक जण तेवढाच वाचून शेअर करतात. समजा दोन वर्षांनी हा तरुण निर्दोष सुटला. ‘घरफोडीच्या संशयावरून तरुणाला अटक’ हा मथळा तेव्हाही खरा राहील, कारण अटक झाली होती. त्याखाली सुटकेची एक ओळ जोडली की बातमी पूर्ण होते. ‘सराईत चोरट्याच्या मुसक्या आवळल्या’ मात्र त्या दिवशी खोटा ठरतो आणि त्याच्या नावाने सर्च केलं की तोच मथळा वर येत राहतो. नोकरी देणारा माणूस निकालपत्र वाचत नाही, तो नाव टाकून सर्च करतो.