सोयाच्या वड्या आणि पुरुषत्वाविषयीची भीती

आपल्या वसई-विरार परिसरात श्रावण आला, किंवा ख्रिस्ती कुटुंबांमध्ये उपवासकाळ सुरू झाला, की मासळीच्या जागी सोयाच्या वड्यांचा रस्सा ताटात येतो. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरावीकपणे येऊ लागतो, आणि बहुधा तो तरुण मुलगा स्वतः विचारत नाही. त्याची आई किंवा आजी आवाज खाली आणून विचारते, “डॉक्टर, सोयाने पुरुषांमध्ये बायकांचे हार्मोन वाढते म्हणतात, ते खरे का? मुलाचे लग्न झाले आहे, अजून पाळणा हललेला नाही, म्हणून विचारते.” प्रश्नामागची काळजी खरी असते. म्हणून ही समजूत आली कोठून आणि तिच्यात तथ्य किती, हे या वेळी सविस्तर पाहू.

सोयाबीन आपल्याला परके नाही. लातूरची बाजारपेठ त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. मराठवाडा आणि विदर्भातील कित्येक घरांचा खरीप हंगाम त्याच्यावर उभा असतो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ या नावाने त्याचे अनेक वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते, त्याला यंत्रात उष्णता आणि दाब देऊन वड्या तयार करतात. टोफूची रीत वेगळी. सोयाबीन भिजवून वाटायचे, त्याचे दूध गाळून उकळायचे आणि ते दूध साकळवायचे; जवळजवळ पनीरासारखेच.

या डाळीत आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची ठेवण स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेनशी काहीशी जुळते, आणि सगळा गोंधळ या साम्यातून सुरू होतो. एखादी किल्ली कुलपात शिरते, म्हणून ती कुलूप उघडतेच असे नाही. आयसोफ्लेव्होन शरीरातील इस्ट्रोजेनच्या कुलपांना लागतात खरे, परंतु त्यांचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत फार कमी असतो. त्यातही इस्ट्रोजेनच्या दोन प्रकारच्या कुलपांपैकी ते एकालाच अधिक पसंत करतात. वनस्पतीतील हे द्रव्य आणि स्त्रीचे हार्मोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मग भीतीला आधार काहीच नाही का? आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या जवळजवळ केवळ एका जातीच्या तिपानी चाऱ्यावर चरत होत्या, आणि त्या चाऱ्यात याच कुळातील द्रव्य भरपूर होते. परंतु तो चारा सोयाबीन नव्हता, आजारी पडल्या त्या माद्या होत्या, आणि त्यांच्या पोटात दिवसभर दुसरे अन्न जात नव्हते.

पुरुषांविषयीची चर्चा २००८ साली पेटली. अमेरिकेत बोस्टनच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात आलेल्या ९९ पुरुषांच्या आहाराची नोंद संशोधकांनी घेतली. ज्यांनी सोया सर्वांत अधिक खाल्ला होता, त्यांच्या वीर्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू कमी आढळले. वृत्तपत्रांनी एवढेच उचलले. त्याच अभ्यासात पुढे असे होते, की शुक्रजंतूंची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. या पुरुषांच्या वीर्याचे प्रमाण काहीसे अधिक होते, त्यामुळे एकूण संख्येत ठळक घट दिसली नाही. आणि हा संबंध प्रामुख्याने वजनदार पुरुषांत आढळला. वाटीभर डाळीत पाणी वाढवले तर प्रत्येक चमच्यात डाळ कमी येते, पण पातेल्यातील डाळ तेवढीच राहते. शिवाय अशा नोंदींतून कारण सिद्ध होत नाही, दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच कळते.

दुसरा आधार दोन व्यक्तींचा. साठ वर्षांच्या एका अमेरिकी पुरुषाची छाती वाढली आणि दुखू लागली. तो रोज सुमारे पावणेतीन लिटर सोया दूध पीत होता. ते बंद केल्यावर तक्रार गेली. दुसरा १९ वर्षांचा मधुमेही तरुण होता. त्याचा जवळजवळ सारा आहार सोयावर चालत होता आणि त्याच्या पोटात रोज सुमारे ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जात होते. त्याची कामेच्छा आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही घटली, आणि सोया सोडल्यावर हळूहळू पूर्ववत झाली. म्हणजे अतिरेकाने अपाय होऊ शकतो, हे मान्यच करावे लागते.

आता आपल्या ताटाचा हिशेब मांडू. एका व्यक्तीसाठी २५ ग्रॅम कोरड्या वड्या घेतल्या, तर भिजवून पिळल्यावर त्या फुगून चांगली वाटीभर होतात. त्यातून सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि साधारण तीसेक मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन. त्यातलेही थोडे उकळण्याच्या पाण्यात निघून जाते. टोफूच्या १०० ग्रॅम तुकड्यात ते २० ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्या १९ वर्षांच्या तरुणाची पातळी गाठायची, तर आपल्याला रोज दहा-बारा ताटांतील वड्या एकट्याने संपवाव्या लागतील. आठवड्यातून दोन-तीनदा रस्सा खाणाऱ्या घराचा त्या आकड्यांशी संबंध उरत नाही.

पुढील काळात पुरुषांना ठरावीक मात्रेत सोया किंवा आयसोफ्लेव्होन देऊन मुद्दाम चाचण्या झाल्या. २०२१ साली अशा ४१ अभ्यासांचा एकत्रित विचार प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये घट नाही, इस्ट्रोजेनमध्ये वाढ नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या बोस्टनमधून चर्चा सुरू झाली, तेथील संशोधकांनीही २०१५ मध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांकडे पाहिले. पतीने सोया किती खाल्ला, याचा गर्भधारणेशी किंवा मूल जन्मण्याशी संबंध त्यांना आढळला नाही.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नाला दोन वर्षे झालेला एक तरुण. रोज विरार लोकलने अंधेरीला जाणारा, सायंकाळी व्यायामशाळेत घाम गाळणारा, दंड भरलेले. मूल होत नाही म्हणून आजीने घरातील वड्या बंद केल्या, सोयाचे पीठ फेकून दिले, आणि सहा महिने वाट पाहिली. मग आमच्याकडे आले. वीर्यतपासणीत शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले, तोच निकाल. तपासताना अंडकोष लहान आणि मऊ जाणवले. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते, परंतु मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडकोषांना काम करण्याची जी सूचना पाठवते, ती दोन्ही हार्मोन अगदी तळाला होती. एवढ्यावरून तर्क करता येतो. एकांतात विचारल्यावर त्याने सांगितले, की व्यायामशाळेतील कोणी ‘ताकदीची इंजेक्शने’ देत असे. ती टेस्टोस्टेरॉनची होती. बाहेरून हे हार्मोन मिळू लागले की ग्रंथीला वाटते, कारखाना भरून वाहतो आहे. ती सूचना थांबवते, आणि शुक्रजंतू बनणेही थांबते.

तज्ज्ञांकडे पाठवून इंजेक्शने बंद केली. एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वी फरक दिसत नाही. पूर्ण सुधारणेस कधी वर्षही लागते, आणि काहींत ती अपुरी राहते. या तरुणात नवव्या महिन्यात संख्या सामान्य मर्यादेत आली. ज्या आजीने वड्या बंद केल्या होत्या, तिला ही इंजेक्शने ठाऊकच नव्हती.

म्हणून अशा घरांना माझे सांगणे एवढेच, की ताटातून काही काढण्याआधी वीर्यतपासणी करावी. आधी दोन ते सात दिवस संयम पाळावा, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा, आणि निकाल बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. पत्नीच्या तपासण्याही त्याच वेळी सुरू व्हाव्यात. सुनेला एकटीला वर्षभर फिरवणे अन्यायाचे आहे. तंबाखू, गुटखा, मद्य, वाढलेले वजन, बिघडलेला मधुमेह, अंडकोषाजवळच्या शिरांची सूज, ही कारणे मला वारंवार भेटतात.

वयोवृद्ध पुरुषांची गोष्ट निराळी. सत्तरीच्या आजोबांच्या छातीत गाठीसारखी सूज आली, हात लागला तरी दुखते, आणि घरचे म्हणतात, “सोयाचे दूध सुरू केले ना, त्यामुळे.” अशा वेळी मी आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी मागतो. हृदयाची दुर्बलता किंवा यकृताच्या आजारातील पाणी कमी करण्यासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन आणि प्रोस्टेटसाठी दिलेली फिनास्टेराइड या गोळ्यांनी अशी सूज येऊ शकते. यकृत थकले असेल तरीही येते. गोळी स्वतःहून थांबवू नये. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. सूज एकाच बाजूला, कडक, न दुखणारी असेल, वरची त्वचा ओढली गेली असेल किंवा बोंडातून स्राव येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

सोयाविषयी खरी सावधगिरी दोन ठिकाणी लागते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि सोयाचा पदार्थ त्यानंतर चार तासांनी खावा, कारण सोयामुळे आतड्यात गोळी कमी शोषली जाते. आजीला सकाळी गोळी देऊन लगेच सोया दुधाचा पेला हातात देऊ नये. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी प्रथिनांचे एकूण प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याखेरीज वड्या वाढवू नयेत.

बाकीच्या वृद्धांना वड्या बाधतात त्या बहुधा शिजवण्याच्या चुकीमुळे. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, ते पाणी टाकून द्यावे, गार पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळाव्यात. पोट कमी फुगते. कवळी वापरणाऱ्यांसाठी पिळलेल्या वड्या जाडसर वाटून उपम्यात किंवा कटलेटमध्ये घालाव्यात. दळणात गव्हाबरोबर सोयाबीन देणाऱ्यांनी ते आधी खमंग भाजून घ्यावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडवणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेने बरेचसे निष्प्रभ होते. दहा किलो गव्हाला एक किलो भाजलेले सोयाबीन पुरे.