ते पान फाडू नका

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा रद्दीच्या दुकानांतला वावर ठाऊक आहे. या आठवड्यात अंबरनाथ स्टेशनजवळच्या दुकानात खांडेकरांची 'ययाति' दिसली. "पहिली आवृत्ती आहे काका, लिहिलंय आत," असं म्हणत दुकानदाराने हजार रुपये सांगितले. आत 'पहिली आवृत्ती : १९५९' असं छापलेलं होतं, हे खरं. पण त्या ओळीखालचं अर्धं पान फाडलेलं होतं.

मराठी पुस्तकांत पहिल्या आवृत्तीचं साल बहुधा पुढच्या आवृत्त्यांतही छापतात. हातातली प्रत कितवी, ते त्याखालच्या ओळी सांगतात. त्याच नसतील तर बाकीचं पुस्तक तपासावं लागतं. या प्रतीत मुद्रकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड होता. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे प्रत त्यानंतरचीच. मलपृष्ठावर ज्ञानपीठाचा उल्लेखही होता, आणि खांडेकरांना ते १९७४ सालचं मिळालं. वाचायला उत्तम प्रत, पण हजाराची नव्हे.

पिनकोड नसता तर? तेवढ्यावरून पहिली आवृत्ती ठरत नाही. १९५९ नंतरचं कुठलंही पुनर्मुद्रण असू शकतं. मग मी किंमत पाहतो. 'नये पैसे' असतील तर छपाई साधारण १९५७ ते १९६४ मधली, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि 'नये' हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. त्यातही दुसरी आवृत्ती लपलेली असू शकते. कधी नुसता शक असतो. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखातलं शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. पुस्तकालाही तेच ७८ मिळवायचे, साधारण पौषापासून फाल्गुनअखेरपर्यंत मात्र ७९. वाचनालयाचा दाखल-तारखेचा शिक्का असेल तर आणखी बरं. पिनकोड सांगतो प्रत कधीनंतरची, शिक्का सांगतो कधीपूर्वीची.

पण हा सगळा द्राविडी प्राणायाम करायची वेळ आणली कोणी? विकणाऱ्या घराने. आजोबांचं नाव रद्दीत जाऊ नये म्हणून सुरुवातीची पानं टराटरा फाडतात. नाव असतं पहिल्या कोऱ्या पानावर, हात मात्र आवृत्तीच्या पानापर्यंत पोचतो. वाचनालयातून बाद झालेल्या पुस्तकांचंही तेच. शिक्का नको म्हणून पानच काढतात. एखादी खरोखरची पहिली आवृत्तीसुद्धा अशाने कायमची बेवारस होते, कारण ती ओळखायचा पुरावाच उरत नाही. याचा मला मनापासून संताप येतो. शिवाय मालकाच्या सहीखालची तारीख हाही पुरावाच असतो. त्या तारखेनंतर ती प्रत छापली जाणं शक्य नाही.

तेव्हा घरातली पुस्तकं काढाल तेव्हा नाव नकोच असेल तर पेन्सिलीने खोडा, वर कोरा कागद चिकटवा. आवृत्तीच्या पानाला हात लावू नका.