पावतीपुस्तक बाबासाहेबांच्या नावाचे, मग हिशोबाला घाबरता का?

१४ एप्रिल झाला की आमच्या वस्तीत दोन प्रश्न उरतात. डीजेचे पैसे कोणी द्यायचे आणि हिशोब कोणी मागायचा? पहिल्याचे उत्तर मिळते. दुसरा विचारणारा मात्र 'फुटीर' ठरतो. यंदा आम्ही काही तरुणांनी तो प्रश्न विचारला, आणि समितीने वैतागून पावतीपुस्तकांची पिशवीच आमच्यासमोर ठेवली. "घ्या, करा हिशोब!" आम्ही केला.

समितीने छापलेली पुस्तके सहा, प्रत्येकात १०० पावत्या, क्रमांक १ ते ६००. पिशवीत पाचच निघाली. त्यातल्या ५०० पावत्यांपैकी ४१२ फाडलेल्या, ७६ कोऱ्या, १२ रद्द. रद्द पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच असले पाहिजेत. नऊ ठिकाणी ते होते. तीन ठिकाणी फक्त स्थळप्रत होती, तिच्यावर 'रद्द' लिहिलेले आणि मूळ पावती गायब. जी पावती कोणाच्या तरी घरी गेली, ती रद्द कशी?

मग ४१२ स्थळप्रतींची बेरीज केली. ती आली १,४६,३०० रुपये. पण एवढी सगळी रक्कम रोख नव्हती. ३८,२०० मोबाइलवरून थेट मंडळाच्या खात्यात आले होते, ते बँकेच्या उताऱ्याशी एकेक करून जुळले. ६,५०० च्या पावत्या 'नंतर देतो' म्हणणाऱ्यांना आधीच फाडून दिल्या होत्या आणि पैसे आलेच नव्हते. म्हणजे रोख हवी होती १,०१,६००. बँकेच्या भरणा स्लिपांची बेरीज मात्र ७९,०००. फरक २२,६००.

इथेच "चोर! चोर!" म्हणून ओरडायचे नसते. मंडपवाल्याला १५,००० रुपये जमलेल्या रोखीतूनच दिले होते आणि त्याचे बिल सापडले. उरले ७,६००. प्रत्येक पुस्तकाची बेरीज आणि खजिनदाराच्या वहीतली जमा शेजारी शेजारी मांडली, तेव्हा चार पुस्तके बरोबर निघाली. तिसऱ्यात २८,४०० ची वसुली आणि २०,८०० ची जमा. फरक नेमका ७,६००. आता संशय अख्ख्या समितीवर राहिला नाही. ते पुस्तक ज्याच्या हाती होते, त्याने लेखी खुलासा द्यायचा, एवढेच. हिशोबाने माणसे बदनाम होतात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की हिशोब झाला नसता तर सगळेच बदनाम राहिले असते.

पण स्थळप्रत जुळली म्हणजे सगळे जुळले, हा भ्रम आम्हाला नाही. पावतीवर १००१ आणि स्थळप्रतीवर १०१ लिहिले, तर बेरीज आणि भरणा दोन्ही अगदी बरोबर येतात! ही लबाडी पुस्तकात कधीच दिसत नाही, ती वर्गणीदाराच्या घरातल्या पावतीवर दिसते. म्हणून आम्ही वेगवेगळ्या पुस्तकांतले २५ क्रमांक निवडले आणि घरोघर जाऊन पावत्या पाहिल्या. २३ जुळल्या, दोन जुळल्या नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या एका आईने ५०१ रुपये दिले होते, पुस्तकात तिच्या नावावर २०१ आहेत. तिचे तीनशे रुपये कुठे गेले, हे विचारणे म्हणजे समाज फोडणे काय?

आणि सहावे पुस्तक? "हरवले हो, फार वसुली नव्हती त्यात." वसुली नव्हती हे पुस्तक पाहिल्याशिवाय कळले कसे? हरवलेल्या पुस्तकाचा हिशोब शून्य धरता येत नाही, तो अज्ञातच राहतो. आम्ही विहाराच्या फलकावर लिहिले आहे की ५०१ ते ६०० मधली पावती ज्याच्याकडे असेल, त्याने दाखवावी.

"विरोधकांच्या हाती कोलीत देता" असे आम्हाला सुनावले जाते. कोलीत गायब पुस्तक देते, आम्ही नाही. ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या जयंतीची बेरीज जुळत नाही, याची लाज कोणाला वाटायला हवी?

आमच्या मागण्या साध्या आहेत. पुस्तक सही घेऊनच द्यावे आणि सही घेऊनच परत घ्यावे. पैसे हातात आल्याशिवाय पावती फाडू नये. रोख आधी पूर्ण बँकेत भरावी, खर्च नंतर धनादेशाने करावा, म्हणजे वसुली आणि भरणा यांच्यामध्ये बिलांचा घोळ शिरणार नाही. आणि पावती क्रमांक, नाव व रक्कम यांची यादी विहाराच्या भिंतीवर लागावी. ज्या आईला वाचता येत नाही, तिची मुलगी तिची ओळ वाचेल. २०१ दिसले तर तीच बोलेल, आमची गरज उरणार नाही.

जय भीम!